सूट मागण्याआधी समोरच्याचा हिशेब

‘ताई, आम्ही होलसेलवाल्याकडं भाव कमी करून मागितला की तो सरळ परवडत नाही म्हणतो. तुम्हाला कसा देतो?’

तो परवडत नाही म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. मिरची, धने, खोबरं अशा मालात घाऊक व्यापाऱ्याला किलोमागे सुटणारे पैसे थोडेच असतात. त्याचा धंदा माल फिरण्यावर चालतो. त्यामुळे नुसतं ‘कमी करा’ म्हटलं तर कमी करायला त्याच्या हातात काही नसतं. तुमच्यामुळे त्याचा कुठला खर्च वाचतो हे तुम्ही दाखवलंत, तर त्या वाचलेल्या खर्चातला वाटा मागता येतो. माझं सगळं बोलणं एवढ्यावरच उभं असतं.

मी कांदा-लसूण चटणी करते. उन्हाळ्याच्या तोंडाला, कांडप सुरू व्हायच्या आधी, मला मोठी खरेदी करावी लागते ती ब्याडगीची, कारण चटणीला रंग तिचाच येतो. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात जायच्या आधी मी घरी बसून एक कागद तयार करते. समजा ब्याडगीचा भाव किलोला 300 रुपये चालू आहे आणि मला सगळ्या हंगामात मिळून 600 किलो लागणार आहे. लागेल तशी पन्नास-पन्नास किलो नेली, तर दुकानदाराच्या दृष्टीनं मी पन्नास किलोचीच गिऱ्हाईक असते. तेच 600 किलो एका नावावर ठरवून 200 किलोच्या तीन खेपांत उचलते म्हटलं, की त्याला पुढून माल आणताना माझा हिस्सा धरून आणता येतो. माल गोदामात पडून राहत नाही, सुटं तोलणं वाचतं. पहिलं बोलणं फक्त एवढंच करायचं.

‘शेठ, सहाशे किलो एकट्या माझी. तीन वेळा उचलते, तारखा आत्ता लिहून देते. काय भाव लावाल?’

आकडा त्याला बोलू द्यायचा. तो 296 म्हणेल, मी 292 म्हणेन, 294 ला जमेल. इथवर आगाऊ पैशाचा विषय काढायचा नाही. वजन, रोकड आणि वर्षाचं गिऱ्हाईक हे तिन्ही एका दमात सांगितलं की तो तिन्हींसाठी मिळून एकच सूट देतो, आणि ती पहिल्या एकटीच्या सुटीएवढीच असते.

मग पैशाचं. बाजारात महिन्याची उधारी चालते आणि ती व्यापाऱ्याला फुकट पडत नाही. मी महिन्याला दीड टक्का व्याज धरून हिशेब करते. एक लाख ऐंशी हजारांच्या मालाला 45,000 विसार आधी दिला आणि बाकीचे पैसे प्रत्येक खेपेला वजन झाल्याबरोबर दिले, तर 1,35,000 वरचं महिन्याचं व्याज त्याला वाचतं, म्हणजे 2,025 रुपये. विसाराचे पैसे उधारीच्या मानानं साधारण दोन महिने आधी त्याच्या हातात पडतात, त्याचे आणखी 1,350. दोन्ही मिळून किलोला साडेपाच रुपयांच्या आसपास येतात. त्यातले मी चार मागते. पाच-सहा मागितले तर त्याच्याकडं काहीच उरत नाही, मग त्यानं माझ्याकडून आगाऊ का घ्यावेत? चार मागितले की 290 ला सौदा ठरतो. एकूण सूट टक्क्यात मोजली तर तीनच्या थोडी वर, रुपयांत सहा हजार. या मालात एवढीच मिळते, आणि ती दर हंगामाला मिळते.

सगळे पैसे आगाऊ मी कधीच देत नाही, तुम्हीही देऊ नका. भाव चढला की आधी पैसे दिलेल्याची खेप मागं राहते आणि चढ्या भावाचं गिऱ्हाईक पुढं जातं. एका ओळखीच्या बाईंचे हंगामाचे सगळे पैसे असे अडकले आणि माल हातात आला तेव्हा कांडपाचे दिवस सरत आले होते. म्हणून विसार चौथा हिस्सा, आणि तो पहिल्याच खेपेत वळता करायचा नाही. प्रत्येक खेपेतून 15,000 वजा होतात असं ठरवलं की शेवटच्या खेपेपर्यंत त्यालाही खात्री राहते आणि माझेही थोडेच पैसे त्याच्याकडं असतात. भाव पडला तर काय, हेही त्याच दिवशी बोलून घ्यावं. माझी अट साधी असते. उचलायच्या दिवशी बाजार ठरलेल्या भावाच्या खाली गेला असेल तर फरक दोघांनी निम्मा-निम्मा सोसायचा, वर गेला असेल तरीही तसंच. असं असलं की माल अडवून ठेवण्यात कुणाचाच फारसा फायदा राहत नाही.

‘वर्षभर तुमच्याकडूनच घेईन’ हे वाक्य व्यापारी रोज ऐकतो, त्याचे तो पैसे देत नाही. मी गेल्या वर्षाची बिलं नेते आणि मिरची, धने, खोबरं, तीळ यांची बेरीज त्याच्यापुढं ठेवते. तरीही त्यावर भाव कमी मागत नाही. त्याऐवजी दोन गोष्टी मागते. पावसाळ्यात मध्येच वीस-पंचवीस किलो लागली तर ती किरकोळ भावानं न लावता मोठ्या खरेदीच्या भावाजवळ लावायची, आणि नवीन आवक आली की पोती आधी मला दाखवायची. या दोन गोष्टी तो सहज देतो, आणि चटणीचा रंग पहिल्या निवडीवर अवलंबून असल्यामुळे मला त्या किलोमागच्या रुपया-दोन रुपयांपेक्षा मोलाच्या आहेत.

आता ज्या जागी सगळी सूट परत जाते ती जागा सांगते. पोती भरताना मिरची मोडू नये म्हणून तिच्यावर पाणी मारतात. ठरल्यापेक्षा तीन टक्के ओल जास्त असली तर 600 किलोत 18 किलो पाणी येतं. 290 च्या भावानं त्याचे 5,220 रुपये होतात, म्हणजे सहा हजारांची सूट जवळजवळ संपली. म्हणून सौदा ठरतानाच एक किलोचा नमुना दोघांच्या सहीनं बांधून ठेवते. खेप आली की पोत्याच्या तोंडाची मिरची बघत नाही, हात मधे घालून काढते. वाळलेली मिरची हलवली की आत बी खुळखुळतं आणि वाकवली की मोडते. ओली वाकते, मोडत नाही. शंका आली तर त्यातली किलोभर दोन दिवस उन्हात टाकून पुन्हा तोलते आणि नमुन्यापेक्षा जास्त घट आली तर तेवढं वजन बिलातून कमी करून घेते. पांढरी पडलेली फटकी किती आणि देठ किती, हेही नमुन्याशीच ताडून बघायचं. सौदा ‘देठासकट’ आहे की ‘बिनदेठाचा’ हे बोलताना राहून गेलं तर नंतर दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

एखाद्यानं दहा टक्के सूट हसत-हसत दिली तर मी त्या पोत्यांकडं दुप्पट वेळ बघते. शीतगृहातली मागच्या सालची मिरची नव्यात मिसळलेली असू शकते. तिचा रंग मंद असतो आणि हाताला चोळल्यावर कमी लागतो. जुना माल चटणीला चालत नाही असं नाही, पण मग तो जुन्याच्या भावानं घ्यावा.

शेवटी कागद. वजन, भाव, तीन तारखा, विसार, नमुन्याची अट, भाव हलला तर निम्मा-निम्मा, एवढं एका चिठ्ठीवर दोघांच्या सहीनं लिहायचं आणि विसार बँकेतून द्यायचा. सूट बिलातच वजा झालेली दिसली पाहिजे, म्हणजे जीएसटी कमी झालेल्या रकमेवर लागतो. ‘नंतर बघू, वर्षाच्या शेवटी देतो’ असं तो म्हणाला तर ती सूट मी हिशेबात धरत नाही.