मार्क ५.५, आणि पुढे?

"मॅडम, फक्त मार्क सांगा ना. एवढ्या कॉमेंट्स नाही लिहिल्या तरी चालेल, वाचायला वेळच नसतो."

दर बॅचला कुणीतरी हे म्हणतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे, तीन वाक्यांचं. "मार्क ५.५. शेजारी दोन ओळी लिहिल्यात, तेवढं बघून हेच उत्तर उद्या परत लिहून आण. मग नवीन मार्क देते." एवढंच, लेक्चर नाही देत, कारण मेन्सची तयारी करणारा मुलगा आधीच वैतागलेला असतो. पण त्यामागचं कारण इथे जरा सविस्तर सांगते.

मी यूपीएससी मेन्सच्या जीएसच्या कॉपीज तपासते, आता राज्यसेवा पण वर्णनात्मक झाल्यामुळे तिकडच्याही येतात. जीएसच्या पहिल्या तीन पेपरांना प्रत्येकी २० प्रश्न असतात, १० प्रश्न १० मार्कांचे आणि १० प्रश्न १५ मार्कांचे, वेळ तीन तास. १५ मार्कांच्या प्रश्नाला साधारण २५० शब्द. आता १५ मार्कांचा एक प्रश्न घेऊ, असा की जो प्रत्येक टेस्ट सिरीजमध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात असतोच: ७३व्या घटनादुरुस्तीनंतर तीन दशकं उलटली तरी ग्रामपंचायती आर्थिकदृष्ट्या परावलंबी का आहेत? चर्चा करा.

पहिल्या कॉपीत काय असतं? २४ एप्रिल १९९३ पासून दुरुस्ती लागू झाली, अकराव्या परिशिष्टात २९ विषय, महिलांना किमान एक तृतीयांश आरक्षण, दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग, त्रिस्तरीय रचनेची छान आकृती, सगळं बरोबर, एक चूक सापडणार नाही. फक्त 'का' चं उत्तर कुठेच नाही. शेवटच्या दोन ओळींत "मात्र निधीचा अभाव आहे" असं येतं आणि "ग्रामस्वराज्य" म्हणून उत्तर संपतं. माझ्याकडून ५.५.

दुसऱ्या कॉपीत सुरुवातच कारणापासून असते. पोरीने लिहिलंय की गावातच राहणाऱ्या सरपंचाला शेजाऱ्याकडून घरपट्टी वसूल करायला नको वाटतं, पुढच्या निवडणुकीत मत त्याचंच मागायचं असतं. एकदम बरोबर मुद्दा, आणि पुस्तकातला नाही, बघितलेला आहे. पण त्याला आधार काहीच दिला नाही, कलम नाही, आयोग नाही, आणि दीड पानात उत्तर संपलं. हिलाही ५.५.

आता दोघांनाही मी नुसता आकडा पाठवला तर काय होईल? पहिला म्हणेल कंटेंट कमी पडला वाटतं, आणि आणखी चार कलमं पाठ करेल. म्हणजे जे आधीच जास्त होतं तेच वाढवेल. दुसरी बहुतेक "आपलं लिखाणच चांगलं नाही" असं समजून कुठल्यातरी टॉपरची कॉपी डाउनलोड करेल आणि तिचं जे चांगलं होतं तेच घालवून बसेल. आकडा एकच, पण करायचं काम अगदी उलटं. ते त्या आकड्यातून कळतच नाही, कितीही वेळ बघत बसलात तरी.

पहिल्याच्या कॉपीवर मी लिहिते: "तरतुदी चार ओळींत संपव. त्यातली कुठली तरतूद कागदावरच राहिली आणि कशामुळे, ते लिही." दुसरीच्या कॉपीवर: "घरपट्टीचा मुद्दा उत्तम. याच्या आधी २४३-जी आणि २४३-एच, नंतर वित्त आयोगाचा बांधील निधी." बस. कारण २४३-जी वाचलं की कळतं, पंचायतींना किती अधिकार द्यायचे ते राज्य विधिमंडळांवर सोडलंय, आणि २४३-एच मध्ये कर लावायच्या अधिकाराचंही तेच. म्हणजे २९ विषयांची यादी आहे पण त्यातले किती विषय, किती माणसं आणि किती पैसे खाली जाणार ते राज्याच्या मर्जीवर. आणि वरून जे पैसे येतात त्यातलेही सगळे गावाला हवे तसे वापरता येत नाहीत, १५व्या वित्त आयोगाने पंचायतींना २०२१ ते २६ साठी दिलेल्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती. हे तीन मुद्दे घरपट्टीच्या मुद्द्याला जोडले की तेच उत्तर साडेसातच्या आसपास जातं. मार्कांबद्दल एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी, माझे ५.५ दुसऱ्या कुणाचे ५ किंवा ६.५ असू शकतात, दशांशावर भांडू नये. पण 'का' चं उत्तर नाहीये यावर दोन तपासणाऱ्यांचं दुमत होणं अवघड आहे.

कॉमेंट्स नकोत म्हणणारी मुलं अगदीच चुकीची नसतात हेही खरं. "प्रेझेंटेशन सुधारा", "अजून उदाहरणं हवीत", "गुड अटेम्प्ट", असले शेरे लाल पेनने पानभर लिहिलेल्या कॉपीज मी पाहिल्यात, त्या वाचायला खरंच वेळ घालवू नये. शेरा वाचून उद्या नेमकं काय वेगळं लिहायचं ते कळलं नाही तर तो शेरा नाहीच. म्हणून मी एका उत्तराला दोन ओळींच्या वर जात नाही. पाच चुका दिसल्या तरी जी सुधारली की सगळ्यात जास्त मार्क वाढतील तेवढीच लिहिते.

आणि मार्क एक दिवस उशिरा का? आम्ही हल्ली कॉपी परत देताना आधी शेरे देतो, आकडा पुनर्लेखन आलं की मग. (तोंडावर विचारलं तर सांगून टाकते, उगाच रुसवे कोण काढणार.) इस्रायलमध्ये रुथ बटलर यांनी १९८८ साली शाळेतल्या मुलांवर केलेला एक अभ्यास आहे, काहींना फक्त मार्क, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. गंमत म्हणजे दोन्ही मिळालेली मुलं फक्त मार्कवाल्यांच्याच रांगेत राहिली, म्हणजे आकडा शेजारी असला की शेऱ्याचा उपयोगच होईना. ती शाळेतली पोरं होती, पंचविशीतले उमेदवार नव्हेत, त्यामुळे जसंच्या तसं लावू नका. पण कॉपी हातात पडल्यावर पहिलं बोट कुठे जातं ते मी रोज बघते.

शिवाय नुसते मार्क तर तुम्हाला मिळणारच आहेत की, आयोगाकडून. अंतिम निकालानंतर यूपीएससी पेपरनिहाय मार्क देते, उत्तरपत्रिका दाखवत नाही, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही मार्कांचा सविस्तर तपशील उघड करायची मागणी मान्य केली नाही. कुठल्या प्रश्नाला किती आणि का, ते तिथे कधीच कळणार नाही.

मी स्वतःहून शेरे बंद करते ते मेन्सच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत. तेव्हा पूर्ण पेपर घड्याळ लावून लिहायचे असतात, एका प्रश्नाला सरासरी नऊ मिनिटं, आणि तपासायचं एकच असतं, २० पैकी किती झाले आणि शेवटचे तीन प्रश्न किती घाईत झाले. तेव्हा मी कॉपीवर मार्क टाकते, किती प्रश्न सुटले तो आकडा लिहिते आणि परत देते.