पॅकेजमध्ये काय नाही, ते विचारा

वहिनीला सातवा महिना. आधीचं बाळंतपण सिझेरियनचं, हिमोग्लोबिन ९, विमा नाही. आज तिला घेऊन खाजगी आणि सरकारी, दोन्ही दवाखाने पाहून आले.

खाजगीत खोली छान, बाई गोड बोलल्या, पॅकेजचा कागद हातात दिला. मी विचारलं, यात काय धरलेलं नाही? तेव्हा कळलं की रक्ताच्या पिशव्या, बाळाचे डॉक्टर आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली तर त्याचा खर्च, सगळं वेगळं. शिवाय ती पेटी तिथे नाहीच, बाळ दुसरीकडे हलवावं लागणार. भूल देणारे डॉक्टरही फोन केल्यावर येतात.

आधीच्या सिझेरियनचा टाका कळांमध्ये उसवण्याचा धोका थोडाच असतो, पण तसं झालं तर काही मिनिटांत ऑपरेशन लागतं. रात्री दोनला फोन करून वाट बघण्याइतका वेळ नसतो.

सरकारीत रांग होती, बाकडं मोडकं होतं, एक सिस्टर उगाच खेकसल्या. (वहिनीचा चेहरा बघवत नव्हता.) पण ऑपरेशन थिएटर चोवीस तास चालू, रक्तपेढी त्याच आवारात, नवजात बाळांचा कक्ष वरच्या मजल्यावर. रक्त वाढवायला शिरेतून लोहाचं इंजेक्शनही लगेच ठरलं.

नाव सरकारीत घातलंय. आधीच्या सिझेरियनचं डिस्चार्ज कार्ड तेवढं दादाने शोधून द्यायचंय. गर्भाशयावरचा टाका आडवा की उभा, हे डॉक्टरांना त्यातूनच कळणार आहे.