आमची वाटचाल : एका माणसाच्या शोधात गेलेलं वर्ष

चोपड्यात आमचं पाईप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान वडिलांनी १९८८ मध्ये टाकलं. तेव्हापासूनची बरीच वर्षं माल आला, माल गेला यातच सरली. सांगण्यासारखं आहे ते २०२३ चं वर्ष. त्या वर्षी दुकान बसता बसता राहिलं.

आमच्याकडे चौदा वर्षं काउंटर सांभाळणारा माणूस समोरच्या दुकानाने फोडला. जास्त पगार दिला म्हणून गेला, त्याला मी दोष देत नाही. पण जाताना गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही त्याच्यासोबत गेली आणि आठवड्याभरात आमच्या शेतकऱ्यांना तिकडून फोन जाऊ लागले. ते दुखणं अजून आहे. घरात आलेल्या माणसाला आम्ही घरचं समजलो होतो.

मार्च चालू होता. उन्हाळा म्हणजे आमचा हंगाम, काउंटर रिकामं ठेवून चालणार नव्हतं. मी घाईघाईने फ्लेक्स लावला : ‘पाहिजे, होतकरू व अनुभवी तरुण, पगार योग्यतेनुसार.’ पंधरा दिवसांत चाळीसेक पोरं आली. प्रत्येकाला खुर्चीवर बसवून मी एकच विचारायचो, कोण्या गावचा, कोणाचा. ओळखीतला निघाला की चहा मागवायचो. अशाच एका ओळखीच्या पोराला मी घेतलं. बोलणं गोड, नमस्कार व्यवस्थित.

मे महिन्यात त्याने अडावदच्या एका शेतकऱ्याला मेन लाईनसाठी सहा किलो दाबाच्या पाईपऐवजी चार किलो दाबाचा ९० एमएम पाईप दिला. बाहेरचं माप एकच, रंग एकच, फरक पाईपवरच्या छापात. विहीर खाली, केळी वर चढावर. व्हॉल्व्ह बंद करताना पाण्याचा मार बसला आणि दुसऱ्याच रात्री लाईन फुटली. नवी लागण चार दिवस पाण्यावाचून. पाईप आम्ही बदलून दिला, पण त्या भागातली गिऱ्हाइकं हळूहळू समोर वळली. पोराला विचारलं, छाप वाचला का? तो म्हणाला, ‘त्याच्यावर काही लिहिलेलं असतं?’ मग मात्र माझी मान खाली गेली, कारण घेताना मी त्याच्याकडून काहीच वाचून घेतलं नव्हतं.

त्या दिवसांत दुकान सावरलं ते तात्यांनी. अडावदचेच, वडिलांच्या वेळचे गिऱ्हाईक. शर्टाच्या खिशात मालाची चिठ्ठी, लाल रिफिलने लिहिलेली. फुटलेल्या लाईनचा शेतकरी त्यांचा शेजारी, तरी त्यांनी दुकान बदललं नाही. एक दिवस काउंटरवर बसून म्हणाले, ‘नाना, पोऱ्या नातानं घेवाना नही, कामनं घेवाना.’ आमच्याकडचा व्हर्निअर त्यांनी हातात घेतला. १९९१ चा आहे तो, दांडीवरचे आकडे झिजलेत, पण जबडा आजही पाईप बरोबर धरतो. म्हणाले, ‘यानं मोजता येस, तर माणूसबी मोजता येस.’

दुसऱ्यांदा जाहिरात लिहायला मला चार दिवस लागले. काम काय ते आधी लिहिलं : चिठ्ठीप्रमाणे माल काढणे, माप वाचून देणे, बिल करणे, उधारी वहीत नोंदणे. जड पाईप हमाल चढवतात हेही लिहिलं, कारण त्याआधी मी ‘तरुण’ असा शब्द घालून अर्धी माणसं दारातच थांबवली होती. वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ७, मधे एक तास सुट्टी, आठवड्यातून एक पूर्ण दिवस रजा. पगार सुरुवातीला १४,०००, सहा महिन्यांनी १५,५००. ‘योग्यतेनुसार’ हा शब्द काढून टाकला. त्या शब्दामुळे चांगला माणूस येत नाही, कारण त्याला भाडं-भाकरीचा हिशोब घरीच करायचा असतो. ‘अनुभव हवा’ असंही लिहिलं नाही. माप शिकवता येतं.

या वेळी सोळा जण आले. प्रत्येकाला सारखेच पाच प्रश्न, सारख्याच क्रमाने, कागदावर लिहून. मी आणि माझी बायको वेगवेगळ्या कागदावर पाचपैकी गुण द्यायचो आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत एकमेकांशी बोलायचो नाही. नाहीतर मी एखाद्याचं कौतुक केलं की तिचेही गुण वाढतात, हे आम्ही पहिल्याच दिवशी पाहिलं. गाव, जात, लग्न, कोणाचा कोण, हे यादीत नव्हतं.

पहिला प्रश्न, पाईपचा तुकडा हातात देऊन, यावर काय छापलंय ते वाचा. दुसरा, बिल १,८७०, गिऱ्हाइकाने २,०७० दिले, परत किती. उत्तर दोनशे. पण कितीजण आधी दोन हजारांतून वजा करायला लागतात आणि वरचे सत्तर हातातच धरून बसतात. तिसरा, मालक बाहेर आहे, ओळखीचा शेतकरी बारा हजारांचा माल उधार मागतो, काय कराल? ‘ओळखीचा आहे तर देऊ’ आणि ‘नाही म्हणू’ या दोन्हींना कमी गुण. फोन लावीन, आणि लागला नाही तर त्यांना बसवून चहा देईन, म्हणणाऱ्याला जास्त. चौथा, याआधी कोणत्याही कामात काय चुकलं आणि मग काय केलंत? घरचं काम, शेतीचं काम, काहीही चालेल. ‘माझं कधी चुकत नाही’ म्हणणारे तिघे होते.

पाचवी तात्यांची चिठ्ठी. आधी दहा मिनिटं शिकवायचं : शेतकरी दोन इंची म्हणतो ते ६३ एमएम, अडीच ते ७५, तीन ते ९०, चार ते ११०. मग या मापांचं कार्ड समोर ठेवून चिठ्ठी द्यायची : तीन इंची एल्बो सहा, तीन बाय दोनचा रिड्यूसर एक, सोळाच्या नळीचे जॉइनर वीस, दोन इंची व्हॉल्व्ह एक. ट्रेमध्ये दोन इंचीचे दोन जातीचे व्हॉल्व्ह ठेवलेले, एक चिकटवायचा, एक आटे असलेला. चिठ्ठीत कोणता ते मुद्दाम लिहिलेलं नाही.

एक पोरगा आधी हार्डवेअरच्या दुकानात होता. तीन मिनिटांत सगळा माल काढला, एकही माप चुकलं नाही, व्हॉल्व्ह हाती लागला तो ठेवला. बारावी झालेल्या एका मुलीला नऊ मिनिटं लागली. एक जॉइनर कमी मोजला होता, तो तिने पुन्हा मोजून घातला. व्हॉल्व्हपाशी ती थांबली. दोन्ही उचलून बघितले आणि म्हणाली, ‘काका, हे दोन वेगळे आहेत. कोणता लागेल ते गिऱ्हाइकाला विचारू का?’ सोळा जणांत असं विचारणारी तेवढी एकच. माझा कल त्या पोराकडे होता, हे मी कबूल करतो. बायकोच्या कागदावर मुलगी वर, माझ्या कागदावरही मुलगी वर. गुण आधीच लिहिलेले होते म्हणून मला माझा कल सोडावा लागला.

ती आधी ज्या झेरॉक्सच्या दुकानात होती, तिथे फोन करून एवढंच विचारलं, पुन्हा ठेवाल का? ते म्हणाले, उद्या पाठवा. मग सहा दिवस कामावर बोलावलं, रोजचे पैसे देऊन. फुकट बघू नका, तुम्हाला सांगतो. फुकट काम करणारा माणूस आपली खरी गती दाखवत नाही, आणि ते बरंही नाही.

नंबरांची नवी वही आता कपाटात कुलपात असते. वहीवर हात तिचा आणि माझा, दोघांचाच. परवा तात्यांच्या चिठ्ठीत पाईपचा किलो लिहायचा राहिला होता. तिने त्यांना फोन लावला, ते म्हणाले, ‘सहा किलो, बेटा, चढ शे.’ येत्या उन्हाळ्यासाठी आणखी एक जागा भरायची आहे. ट्रे ती मांडणार आहे, आणि तिसऱ्या कागदावर गुणही तीच देणार आहे.