नोड रात्री तीनला कामून मरायलाय? कूलंबचा हिशोब लागला एकदाचा

मंडळी, सोयाबीनमधल्या नोडचा अपडेट. मागच्या वेळी लिहिलं होतं तसं, २ सुपरकॅप (१०० फॅरड, २.७ व्होल्टचे) सिरीजमध्ये, म्हणजे कागदावर ५० फॅरड, ६ व्होल्टचं छोटं पॅनल, शॉटकी डायोड, ४.८ व्होल्टला अडवणारा क्लॅम्प, आणि LDO वरून चालणारा लोरा नोड. दिवसभर झकास, संध्याकाळी साडेसहाला बँक फुल ४.८, आणि पहाटे तीनच्या आसपास नोड गप्प. रोज. तुमच्यापैकी निम्म्यांनी कॅप डुप्लिकेट आहेत म्हणून सांगितलं, उरलेल्यांनी बक-बूस्ट लाव म्हणून. दोन्ही नाही. पण ते कळायला आधी मीटरच ताळ्यावर आणावं लागलं, आणि सगळा वेळ त्यातच गेला.

हिशोब तसा सोपा आहे. नोड LDO वर आहे, आणि LDO मध्ये जेवढा करंट बाहेर जातो जवळपास तेवढाच आत ओढला जातो, वरचा व्होल्टेज नुसता गरम होऊन जातो. त्यामुळं रात्रीचा प्रश्न जूलचा नाहीच, कूलंबचा आहे. नोड सरासरी ३ mA घेतो, २ व्होल्टच्या खाली ब्राउनआउट होतो, तर ४.८ ते २ म्हणजे २.८ व्होल्ट गुणिले ५० फॅरड, १४० कूलंब हातात. भागिले ३ mA, आले ४६,७०० सेकंद, जवळपास तेरा तास. म्हणजे सकाळचे साडेसात वाजायला पाहिजेत, आणि इथं तीनलाच खेळ खलास.

म्हणून पॅनलचा डायोड आणि कॅप यांच्यामध्ये INA219 टाकला, की नेमका चार्ज किती चाललाय ते मोजू. करंट ढगावर नाचतो, इकडं श्रावणात सेलूकडं आभाळ कसं असतंय तुम्हाला माहीतच आहे, आत्ता ९० mA अन् चार सेकंदात १२. सरासरी अंदाजानं धरून भागत नाही, खरोखर इंटिग्रेट करावं लागतं. गाभा एवढाच:

```
now = millis();
dt = (now - last) / 1000.0;
I  = ina219.getCurrent_mA() - offset;
V  = ina219.getBusVoltage_V();
Q  += 0.5 * (I + Iprev) * dt;          // mC
E  += 0.5 * (I*V + Iprev*Vprev) * dt;  // mJ
last = now; Iprev = I; Vprev = V;
```

dt दर फेरीला मोजून घ्या, १ सेकंद म्हणून ठोकून देऊ नका. SD कार्ड मधूनच अडतं, फेरी लांबते, आणि dt ठोकलेला असला की तेवढा चार्ज हिशोबातून गायब.

आता खरा वैताग. ती offset वाली गोष्ट सुरुवातीला नव्हती. पहिल्याच रात्रीचा लॉग उघडला तर अंधारात Q वाढायलंय! संध्याकाळपासून सकाळपर्यंत १७ कूलंब जमा. पॅनलवर चांदणं पडून बँक भरायली का काय. आधी शॉटकीवर संशय जातो, कारण 1N5819 उलटा थोडा गळतोच. पण गळती असती तर कॅपकडून पॅनलकडं गेली असती आणि आकडा मायनस आला असता. हा तर प्लस. वरून त्याच लॉगमध्ये कॅपचा व्होल्टेज खाली खाली चाललाय. नोड शंटच्या पलीकडं आहे, तो खातो त्यानं व्होल्टेज पडणारच, पण अंधारात चार्ज आत येणं शक्यच नाही. म्हणजे खोटं मीटर बोलायलंय. खात्रीसाठी पॅनलची वायर काढून टाकली, शंटमधून काहीच जात नाही, तरी गडी ०.४ mA दाखवतोय, ठाम.

०.४ mA म्हणजे ०.१ ओहमच्या शंटवर ४० मायक्रोव्होल्ट. डेटाशीट काढली तर INA219 चा ऑफसेट गेनवर अवलंबून आहे. ३२० मिलिव्होल्टच्या रेंजला टिपिकल ४० मायक्रोव्होल्ट, ४० मिलिव्होल्टच्या रेंजला टिपिकल १०. आणि लायब्ररी आपोआप मोठी रेंज लावते. म्हणजे चिप बरोबर आहे, तिनं सांगितलंय तसंच वागायली. नुसतं वाचायला ०.४ mA ला कुणी विचारत नाही, ९० mA च्या शेजारी ते अर्धा टक्का सुद्धा नाही. पण इंटिग्रल त्याला विसरत नाही. ऊन येतं जातं, ऑफसेट चोवीस तास एकाच बाजूला ढकलत राहतो. ०.४ mA गुणिले ८६,४०० सेकंद, दिवसाला ३४.६ कूलंब, माझ्या बँकेच्या पावपट!

`setCalibration_16V_400mA()` टाकलं. हे पॅनल २०० mA च्या वर जातच नाही, त्यामुळं छोटी रेंज भरपूर झाली. ऑफसेट ०.१ mA च्या आसपास आला. उरलेल्यासाठी रात्री ११ ते ४ च्या रीडिंगची सरासरी काढून तीच दुसऱ्या दिवशी वजा करायची. डायोडची उलटी गळती त्यात थोडी मिसळते, पण रात्री गारव्यात ती इतकी कमी असते की चालून जातं. दुसऱ्या रात्री Q ची रेघ सपाट, टेबलावर ठेवून बघत बसावं इतकी सपाट. आमच्या ग्रुपमधल्या एका दादांनी सुचवलं होतं की २ mA च्या खालचं सगळं शून्य धर, झंझट मिटली. ते करू नका. सकाळी धुकट उजेडात खरोखरच दीड mA दोनेक तास येतो, त्याचे १०-११ कूलंब होतात, ते फुकट पुसले जातील.

मग नोड काढून ठेवला आणि ऊन-सावलीतच २ व्होल्टवरून ४.८ पर्यंत चार्ज केलं. २ तास लागले. Q आलं १५८ कूलंब. १५८ भागिले २.८ म्हणजे ५६ फॅरड. ५० च्या बँकेत ५६? मन म्हणतंय की वा, कॅप दणकट निघाले, टॉलरन्समध्ये वरच्या बाजूला एवढं असू शकतंय. पण मग पहाटे तीनला मरायचं कारण अजूनच लपलं ना. पॅनल झाकून नुसतं ठेवलं तर अर्ध्या तासात ४.८० चं ४.६८, कशाला काही जोडलेलं नसताना.

तेव्हा बँकेवरची श्रिंक ट्यूब कापली. दोन्ही सेलवर एकेक १ किलोओहम, बॅलन्सिंगसाठी. विकणाऱ्यानं घालून दिलेत आणि पानावर अक्षर लिहिलेलं नाही. बॅलन्सिंग पाहिजेच, नाहीतर सिरीजमध्ये एक सेल २.७ च्या वर पळतो, पण १ k म्हणजे उघडा नळच आहे. तयार बँक घेणाऱ्यांनी आधी ट्यूब कापून बघावं, आणि शक्यतो सुटे सेल घेऊन स्वतःच जोडावं हे माझं पक्कं मत झालंय.

दोन मिळून २ k, तर सरासरी ३.४ व्होल्टला १.७ mA, २ तासांत १२ कूलंब रेझिस्टरमधून वाहून गेले. कोडमध्ये एक ओळ वाढवली, `Qr += V / 2.0 * dt;`, V व्होल्टमध्ये आणि २ किलोओहममध्ये म्हणून सरळ mA मिळतो. १५८ वजा १२, १४६ कूलंब खरंच कॅपमध्ये, म्हणजे ५२ फॅरड. अर्ध्या तासातली पडझड पण बसते, २.४ mA नं ४.३ कूलंब, म्हणजे ०.०८ व्होल्ट रेझिस्टरचे, आणि उरलेले ०.०४ कार्बनच्या आतल्या छिद्रांत चार्ज हळूहळू पसरतो त्याचे. सुपरकॅप भरल्या भरल्या दाखवतो तो व्होल्टेज थोडा फुगीरच असतो.

एनर्जीचा पडताळा मला जास्त आवडला. लॉगमध्ये E आलं ५४१ जूल. कॅपमध्ये ½ × 52 × (4.8² − 2²), म्हणजे ४९५, आणि रेझिस्टरमध्ये V²/R चा हिशोब ४४ च्या जवळ. बेरीज ५३९. करंट दोन तास काय पाहिजे तसा नाचला तरी कॅपच्या वाट्याला फक्त दोन टोकांचे व्होल्टेज बघायचे, मधला रस्ता कसाही असो. आणि जे लोक १५८ ला थेट ४.८ नं गुणतात त्यांना ७५८ जूल दिसतात. तेवढे तिथं कधी नव्हतेच, पहिला कूलंब २ व्होल्टला चढला, शेवटचा ४.८ ला.

आता तीन वाजताचं कोडं: नोडचे ३ अन् रेझिस्टरचे १.७, मिळून ४.७ mA. १४६ कूलंब भागिले तेवढं, ३१,००० सेकंद, ८ तास ३६ मिनिटं. साडेसहात मिळवा. तीन वाजून सहा मिनिटं!

बक-बूस्टवाल्यांसाठी पण गणित करून टाकलं. ३.३ व्होल्टला ३ mA म्हणजे ९.९ mW, तिथं मात्र जूल मोजायचे. ४९५ चे ८५ टक्के धरले तर ११ तास ४८ मिनिटं. तेच LDO वर, रेझिस्टर नसते तर, साडेतेरा तास, कारण ३.३ च्या खाली LDO नुसता वायरसारखा वागतो आणि नोड कमी व्होल्टेजवर चालत राहतो. बक-बूस्ट १ व्होल्टपर्यंत चोखून घेईल म्हणाल, तर तिथं फक्त ७८ जूल उरलेत. फिटंफाट. मॉड्यूलचे पैसे वाचवा.

हे लिहिता लिहिता सुचलं की ५२ फॅरड हा आकडा पण त्याच INA219 च्या भरवशावर आहे, त्याला दुसरा साक्षीदार पाहिजे. म्हणून पोस्ट अर्धवट ठेवून बँक ४.६८ वरून १०० ओहम, १ वॅटच्या रेझिस्टरवर सोडली, हातात फक्त मल्टिमीटर अन् मोबाईलचं स्टॉपवॉच. आतला २ k समांतर, म्हणजे ९५.२ ओहम. निम्म्यावर, २.३४ ला, यायला 95.2 × 52 × 0.693 म्हणजे ५७ मिनिटं लागायला पाहिजेत. लागली ५८ मिनिटं २० सेकंद, म्हणजे ५३ फॅरड. करंट न मोजता! २ टक्क्यांत दोघं जुळले, मला बास.

INA228 ची ऑर्डर द्यायचं चाललं होतं, त्यात चार्ज अन् एनर्जीचे रजिस्टर चिपमध्येच असतात आणि ऑफसेट जास्तीत जास्त १ मायक्रोव्होल्ट. पण आता या नोडसाठी नको वाटायलंय, विहिरीवरच्या नोडला घेईन. आधी १ k काढून ४.७ k. गळती सरासरी ०.३६ mA होईल, १२ तास ४ मिनिटं, म्हणजे सकाळी साडेसहा, अगदी काठावर. ढगाळ सकाळी दगा देईल, म्हणून पाठवणं ५ ऐवजी १० मिनिटांनी करतोय. मधल्या जोडावर मल्टिमीटर लावून एक सेल २.५ च्या वर जातो का ते आठवडाभर बघायचंय. कुणी १०० फॅरडवर १० k लावून उन्हाळा काढलाय का? सेलची स्वतःची गळतीच त्या करंटच्या घरात असते म्हणून माझी हिंमत होईना, आणि परभणीच्या मे मध्ये डब्यात काय तापतंय ते वेगळंच.