सोसायटीचं फोल्डर सोडताना

आमची सोसायटी अठ्ठावीस बिऱ्हाडांची. सहा वर्षं मी सेक्रेटरी होतो आणि सोसायटीचे सगळे कागद माझ्या स्वतःच्या गूगल ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवले होते: सभांची इतिवृत्तं, बिलं, लिफ्टचे करार, लेखापरीक्षणाचे अहवाल. अध्यक्ष, खजिनदार काका आणि मी असे तिघं त्यात फाइली टाकायचो. दोघांनाही मी संपादनाचा पूर्ण अधिकार दिला होता.

गेल्या वर्षी काकांनी फ्लॅट विकला आणि मुलाकडे नाशिकला गेले. ऑगस्टच्या शेवटी लेखापरीक्षकांनी टँकरची बिलं मागितली. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे घाई होती. मी फोल्डर उघडलं, तर आत जवळजवळ काहीच नाही. दोन-तीन रिकामी उपफोल्डरं तेवढी उरली होती.

फोल्डर निवडून उजवीकडच्या `i` या खुणेवर टिचकी मारली की `Activity` दिसतं, म्हणजे कोणी कधी काय केलं त्याची नोंद. तिथे ६ ऑगस्टच्या तारखेखाली काकांच्या नावाने भलीमोठी यादी होती. मी त्यांना फोन केला.

"अरे, मी काही पुसलं नाही रे," काका म्हणाले. "मी आता सोसायटीत नाही, म्हणून माझ्याकडून ते काढून टाकलं. तुमचं तुमच्याकडे असणारच ना?"

त्यांनी नेमकं काय केलं ते मी शांतपणे विचारून घेतलं. सोसायटीचं फोल्डर त्यांनी उघडलं, एकेका उपफोल्डरमध्ये जाऊन आतल्या सगळ्या फाइली निवडल्या आणि वरच्या कचरापेटीच्या चिन्हावर दाबलं. घोटाळा या एका टिचकीत होता. फोल्डर न उघडता त्यांनी बाहेरूनच ते स्वतःच्या यादीतून काढलं असतं, तर आम्हाला काहीही झालं नसतं. ते मालक नव्हते, त्यामुळे फोल्डर फक्त त्यांच्या नजरेआड गेलं असतं. आत जाऊन केलेली कृती मात्र फाइलींवर होते आणि तिचा परिणाम सगळ्यांना भोगावा लागतो.

गूगल ड्राइव्हमध्ये मालकी फोल्डरची वेगळी असते आणि आतल्या प्रत्येक फाइलची वेगळी, हे मला तोवर माहीत नव्हतं. फोल्डर माझं असलं तरी काकांनी त्यात चढवलेलं बिल काकांच्या मालकीचं राहतं आणि त्यांच्याच १५ जीबीतली जागा खातं. त्यामुळे त्या एका टिचकीने दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. काकांच्या स्वतःच्या फाइली त्यांच्या ट्रॅशमध्ये गेल्या. माझ्या आणि अध्यक्षांच्या फाइलींचे काका मालक नव्हते, म्हणून त्या पुसल्या जाणं शक्यच नव्हतं. त्या फक्त फोल्डरमधून बाहेर पडल्या आणि ज्याच्या त्याच्या `My Drive` मध्ये जाऊन पडल्या.

माझ्या फाइली मला `My Drive` मध्ये सापडल्या, माझ्या इतर कागदांत मिसळलेल्या. काही दिसेनात, तेव्हा ड्राइव्हच्या शोधाच्या चौकटीत हे टाकलं:

```
is:unorganized owner:me
```

आपल्या मालकीच्या पण कुठल्याच फोल्डरमध्ये नसलेल्या फाइली यात येतात. दोन संध्याकाळी बसून मी त्या परत जागच्या जागी लावल्या. अध्यक्षांनी त्यांच्याकडे तेच केलं.

काकांच्या फाइलींचं प्रकरण वेगळं होतं, आणि टँकरची बिलं नेमकी त्यांत होती. ट्रॅशमधली फाइल ३० दिवसांनी आपोआप कायमची जाते. ज्या दिवशी मला कळलं, ती २९ ऑगस्ट होती, म्हणजे तेविसावा दिवस. सात दिवस हातात होते, आणि ट्रॅशमधून फाइल परत आणणं फक्त तिच्या मालकाला जमतं. मी कितीही धडपड केली तरी माझ्या खात्यातून ते होणार नव्हतं.

एक आशेची खूण मात्र मिळाली. टँकरच्या हिशेबाची शीट काकांनी पूर्वी आमच्या व्हॉट्सअॅप गटात पाठवली होती. ती जुनी लिंक दाबून पाहिली, तर शीट उघडली, आणि ती मालकाच्या ट्रॅशमध्ये असल्याची सूचना दिसली. मालक कायमची पुसत नाही तोवर ज्यांच्याशी ती शेअर केलेली आहे त्यांना ती पाहता येते. मी लगेच तिची प्रत करून ठेवली. पण प्रत म्हणजे नवी फाइल. कोणी कोणत्या तारखेला कोणता आकडा बदलला, तो इतिहास प्रतीसोबत येत नाही. म्हणून मूळ शीट हवीच होती.

त्या रात्री काकांना फोनवर धरून ठेवलं. त्यांच्या नातवाने लॅपटॉप उघडला, डावीकडच्या `Trash` मध्ये गेला, ६ ऑगस्टच्या फाइली निवडल्या आणि `Restore` दाबलं. माझ्या पडद्यावर उपफोल्डरं भरू लागली. मूळ जागा शिल्लक असेल तर फाइल आपोआप तिथेच परत जाते, म्हणून त्यांना एकही फाइल हाताने लावावी लागली नाही. काकांना फार वाईट वाटलं होतं. मी त्यांना मनापासून सांगितलं की काका, तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं, कारण पडद्यावर दोन्ही कृती अगदी सारख्या दिसतात.

सप्टेंबरच्या सभेत नवी कमिटी आली आणि सोडून जाण्याची पाळी माझ्यावर आली. माझी १५ जीबीपैकी १४.२ जीबी जागा भरली होती. जागा पूर्ण भरली की जीमेलवर नवी पत्रं यायची थांबतात, त्यामुळे हे फोल्डर मला खरोखरच काढायचं होतं. पण मी मालक. मालकाला नुसतं बाहेर पडता येत नाही. तो फोल्डर ट्रॅशमध्ये टाकू शकतो किंवा मालकी दुसऱ्याला देऊ शकतो.

टाकून दिलं तर काय होईल, ते आधी छोट्या फोल्डरवर करून पाहिलं. त्यात माझी एक पीडीएफ आणि बायकोच्या खात्यातून चढवलेला एक फोटो ठेवला. फोल्डर पुसलं, ट्रॅशही रिकामी केली. माझी पीडीएफ दोघांसाठी कायमची गेली. बायकोचा फोटो शाबूत राहिला, तिच्या `My Drive` मध्ये. पण मला तो उघडेना, कारण तो पाहण्याची माझी परवानगी त्या फोल्डरमुळे होती आणि फोल्डरच उरलं नव्हतं. म्हणजे सोसायटीचं फोल्डर मी पुसलं असतं तर माझ्या सहा वर्षांच्या फाइली नष्ट झाल्या असत्या, आणि अध्यक्षांच्या व काकांच्या फाइली जिवंत राहूनही एकमेकांना दिसेनाशा झाल्या असत्या. नव्या सेक्रेटरी ताईंच्या हाती काहीच लागलं नसतं.

मग सोसायटीच्या नावाने वेगळं खातं काढलं आणि त्याचा पासवर्ड कमिटीकडे दिला. त्या खात्याला आधी संपादनाचा अधिकार दिला, मग `Share` मध्ये त्याच्या नावासमोर `Transfer ownership` निवडून आमंत्रण पाठवलं. एवढ्याने मालकी जात नाही, समोरच्याला ती स्वीकारावी लागते. ताईंना ईमेल सापडेना, तेव्हा त्यांनी सोसायटीच्या ड्राइव्हमध्ये `pendingowner:me` असं शोधलं आणि तिथून स्वीकारलं.

फोल्डर सोसायटीचं झालं, मी खूश झालो, आणि माझी जागा पाहिली तर १४.२ जीबी तशीच. फोल्डरच्या मालकीबरोबर आतल्या फाइलींची मालकी जात नाही. सोसायटीच्या फाइलींचं ४.९ जीबीचं ओझं अजून माझ्याच नावावर होतं. माझं खातं बंद पडलं असतं तर सोसायटीचे ते कागदही त्याच्याबरोबर गेले असते. जागेपेक्षा मला याची काळजी जास्त होती.

इथे आम्ही फाइलींचे दोन गट केले. सभासदांची नोंद, देखभाल वर्गणीचा हिशेब अशा चालू शीट एकेक करून मालकी बदलून दिल्या. वेळ लागला, पण त्यांचा इतिहास टिकला आणि जुन्या लिंकही चालू राहिल्या. बिलांच्या पीडीएफ आणि फोटो यांत शीटसारखा बदलांचा इतिहास जपायचा नव्हता, म्हणून ते मी संगणकावर उतरवून घेतले आणि ताईंनी सोसायटीच्या खात्यातून पुन्हा चढवले. मोठं फोल्डर उतरवताना ड्राइव्ह त्याच्या एकाहून जास्त झिप फाइली करतो, आणि त्यातली एखादी राहून गेली तर पटकन लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येक उपफोल्डरमधल्या फाइली मोजून कागदावर लिहिल्या. २०२१च्या बिलांत अकरा कमी निघाल्या. एक झिप अर्धवट उतरली होती.

मोजणी जुळल्यावरच मी आत जाऊन माझ्या जुन्या पीडीएफ ट्रॅशमध्ये टाकल्या. हे मुद्दाम सगळ्यांसाठी पुसणं होतं, आणि ते मी ताईंना शेजारी बसवून केलं. पुन्हा चढवलेल्या फाइलींची लिंक नवी असते, त्यामुळे व्हॉट्सअॅप गटातल्या बिलांच्या जुन्या लिंक यापुढे चालणार नाहीत, हेही सगळ्यांना कळवलं. ट्रॅशमधल्या फाइलीही जागा अडवतात, पण मी ट्रॅश लगेच रिकामी केली नाही. लेखापरीक्षकांचं काम संपेपर्यंत तीन आठवडे थांबलो आणि मग केली. जागा ९.३ जीबीवर आली.

काकांच्या फाइली मात्र अजून काकांच्याच नावावर होत्या. त्यांच्या शीटची मालकी त्यांनी नातवाच्या मदतीने सोसायटीला दिली, बिलं आम्ही आमच्या पद्धतीने नव्याने चढवली.

शेवटी मी बाहेर पडलो. फोल्डर न उघडता त्यावर उजवी टिचकी मारून ते माझ्या यादीतून काढलं. मग सहज जुनी लिंक दाबली, तर फोल्डर पुन्हा उघडलं. यादीतून काढल्याने माझा अधिकार गेला नव्हता, फक्त फोल्डर दिसायचं थांबलं होतं. ताईंना फोन केला. त्यांनी सोसायटीच्या खात्यातून `Share` उघडून माझं आणि काकांचं नाव काढलं. मी लिंक परत दाबली. या वेळी परवानगी मागा, असं सांगणारं पान आलं.