पहिली डिप खोटी निघाली

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये मला सरफेस प्लाझमॉन रेझोनन्सचा सेटअप उभा करायचा होता. बीके-७ काचेच्या काटकोनी प्रिझमच्या मोठ्या तोंडावर इंडेक्स मॅचिंग ऑइलचा थेंब, त्यावर 50 नॅनोमीटर सोन्याचा थर असलेली काच (सोनं बाहेरच्या बाजूला), आणि प्रिझममधून आत जाणारा हीलियम-निऑनचा लाल लेसर. कोन बदलत गेलं की एका ठिकाणी परावर्तित प्रकाश एकदम कमी होतो, ग्राफवर खड्डा म्हणजे डिप दिसते, कारण तिथे त्याची ऊर्जा सोन्याच्या पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांच्या लाटेत, म्हणजेच प्लाझमॉनमध्ये जाते.

तिसऱ्या दिवशी मला डिप मिळाली. चांगली खोल, जवळजवळ शून्यापर्यंत. ग्राफ घेऊन सरांकडे धावले. त्यांनी एवढंच विचारलं, "पोलरायझर नव्वद अंश फिरवून बघितलास का?"

फिरवला. डिप जागच्या जागी! मग ती प्लाझमॉनची असूच शकत नव्हती. ही लाट फक्त पी-ध्रुवित प्रकाशच उठवतो, म्हणजे ज्याचं विद्युत क्षेत्र आपाती आणि परावर्तित किरणांच्या प्रतलात कंप पावतं तो. त्याला काटकोनात कंप पावणाऱ्या एस-ध्रुवित प्रकाशात डिप दिसायलाच नको. माझा प्रकाश मोजणारा फोटोडायोड एका जागी पक्का होता आणि प्रिझम जितका फिरतो त्याच्या दुप्पट परावर्तित किरण वळतो. किरण डायोडवरून घसरून गेला होता, बस्स.

मग डायोड फिरत्या दांडीवर बसवला आणि प्रत्येक वाचन पी आणि एस दोन्हींत घेऊन त्यांचं गुणोत्तर काढू लागले. लेसरची चढउतारही त्यातच बरीचशी कटली. हवेत डिप साधारण 44 अंशांवर यायला हवी, पण तो प्रिझमच्या आतला कोन. प्रिझम फिरवणाऱ्या टेबलावरचा आकडा वेगळा असतो, कारण किरण प्रिझमच्या बाजूवर शिरतानाच वाकतो. हिशोब केला तर टेबलावर ती प्रिझमच्या त्या बाजूच्या लंबापासून जेमतेम 2 अंशांवर होती. तिथे अर्ध्या-अर्ध्या अंशाने गेले. आधी आतल्या 41 अंशांच्या आसपास क्रांतिक कोनाचं टोक, जिथून पूर्ण आंतरिक परावर्तन सुरू होतं, त्यानंतर डिपची अरुंद दरी. एस-ध्रुवणात सपाट रेष. या वेळी धावले नाही, आधी तीनदा मोजलं.

सोन्यावर पाणी आणलं की डिप आत 73 अंशांजवळ सरकते आणि रुंदही होते. त्यामुळे तळाचा नेमका बिंदू डोळ्यांनी सापडत नाही. तळाजवळच्या वाचनांतून पॅराबोला काढावा लागला. मग 5 टक्के साखरेचं पाणी. अपवर्तनांक सुमारे 0.007 ने वाढतो, म्हणून गणिताने डिप 1.2 अंश पुढे जायला हवी. मला 1.1 मिळाले. साखर पुन्हा धुऊन साधं पाणी सोडलं, तेव्हा डिप जुन्या जागी परतली. सरांना दाखवायला मी तो शेवटचा ग्राफ नेला.