डबा गळतोय, पण नक्की कुठून?

आज सुट्टी, म्हणून स्टीलच्या डब्याचं काम एकदाचं काढलं. हल्ली रोज पिशवीच्या तळाला तेलकट डाग, आणि घरात सगळ्यांचं एकच, रिंग गेलीये, नवी आण. असेलही, पण रिंग हाच दोष असेल असं काही नसतं. गळायला जागा चार, रिंग, झाकणाची खाच, क्लिप आणि डब्याचा काठ, आणि या चारातली कुठली हे न बघता नवी रिंग बसवली की दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच.

तर आधी गळती शोधली. डब्यात अर्धं कोमट पाणी भरलं, दोन्ही क्लिपा लावल्या, काठाभोवती कोरडा टिश्यू गुंडाळला आणि डबा उलटा करून ताटात ठेवून दिला. पाणी कोमटच हवं, कारण आतली हवा तापून थोडी फुगते आणि झाकणाला आतून ढकलते, म्हणजे डब्यात गरम काही भरल्यावर जे होतं तेच इथे होतं. गार पाण्याने तपासलेला डबा पास होऊन दुसऱ्या दिवशी गळू शकतो. अर्ध्या तासाने बघितलं तर टिश्यू दोन ठिकाणी ओला, एक उजव्या क्लिपच्या अगदी शेजारी आणि दुसरा दोन क्लिपांच्या मधोमध. झाकणावर आणि डब्यावर मार्करने खुणा करून ठेवल्या.

आता खरी गंमत. झाकणातली रिंग जागच्या जागी अर्धी फिरवली, बाकी काहीही हलवलं नाही, आणि तीच टेस्ट परत. मधला ओला डाग बरोबर समोरच्या बाजूला गेला, म्हणजे तो दोष रिंगसोबत फिरतोय, रिंगचाच आहे. क्लिपजवळचा डाग मात्र तिथेच. मग झाकण डब्यावर अर्धं फिरवून लावलं (माझ्या डब्याच्या क्लिपा झाकणालाच आहेत आणि डब्याच्या दुमडलेल्या काठाखाली अडकतात, त्यामुळे हे जमतं, क्लिपा डब्याला असतील तर निकाल थोडा वेगळा वाचावा लागेल). तो डाग क्लिपसोबत पलीकडे गेला. डब्याचा काठ चेपलेला असता तर डाग डब्याच्या खुणेपाशीच राहिला असता, म्हणजे काठ ठीक. थोडक्यात दोन वेगळे दोष होते आणि नुसती रिंग बदलून फक्त एकच मिटला असता.

रिंग काढताना सुरी किंवा काट्याचं टोक घालू नये हे परत एकदा पटलं, कारण डाग होता तिथे रिंगच्या ओठावर बारीकशी चीर सापडली, कुणीतरी कधीतरी टोकदार काहीतरी घातलेलं दिसतंय. चमच्याच्या बोथट दांड्याने ती छान निघते. खाचेत खाली जुना चिकट थर होता, तो जुन्या टूथब्रशने घासला, कारण त्या थरावर नवी रिंग कधीच सपाट बसणार नाही.

माप घेताना जुनी रिंग नाही, खाच मोजायची, हे महत्त्वाचं. सिलिकॉनची रिंग तेल पिऊन हळूहळू फुगते आणि लांबते. खाचेचा बाहेरचा व्यास १३.४ सेमी आला, आतला १२.६, म्हणजे मधला १३, त्याला ३.१४ ने गुणलं की घेर साधारण ४०.८ सेमी. जुनी रिंग कापून सरळ केली तर ४२ भरली! त्या मापाची नवी आणली असती तर खाचेत लाटा पडल्या असत्या आणि प्रत्येक लाटेखालून पाणी निघालं असतं. दुसरं माप जाडीचं. खाच ३ मिमी खोल आहे, म्हणून रिंग ४ मिमीची, म्हणजे १ मिमी वर राहते आणि क्लिप लावली की तेवढी दाबली जाते. जुनी दबून दबून खाचेच्या जेमतेम वर दिसत होती, मग दाबायला उरणार काय. याहून जाड घ्यायचा मोह होतो पण मग क्लिप ओढून लावावी लागते आणि क्लिपच वाकते. आणि रिंग खाण्याच्या भांड्यासाठी चालणारी, फूड ग्रेडच घ्यायची, नळाचा वॉशर किंवा पाइपचं रबर नाही.

बसवताना एका टोकापासून दाबत गोल जायचं नाही. रिंग ताणली जाते आणि शेवटी थोडी जास्तीची उरते. नुसत्या पाण्याने ओली करून आधी समोरासमोर चार ठिकाणी दाबली, मग मधले भाग, आणि शेवटी बोट सगळीकडे फिरवून बघितलं. बाजूला ओठ असलेली रिंग असेल तर ती उलटी बसवता येते आणि दिसायला अगदी नीट दिसते, म्हणून जुनी कशी बसली होती त्याचा काढण्याआधी फोटो काढून ठेवलेला बरा.

आता क्लिप. यासाठी कागदाची पट्टी पुरते. काठ आणि रिंगमध्ये पट्टी ठेवून झाकण लावायचं आणि पट्टी ओढायची. डाव्या क्लिपपाशी ती फाटायला आली तरी निघेना, उजवीकडे मात्र अलगद सरकली, नवी रिंग असूनसुद्धा. दोन्ही क्लिपा शेजारी धरल्या तेव्हा कळलं, उजवीची तारेची कडी ताणून थोडी लांब झालीये. कडी भोकातून काढली, पक्कडीने दोन्ही तारांना मध्ये अगदी किंचित बाक दिला, म्हणजे लांबी अर्धा एक मिमी कमी झाली, आणि परत लावली. दोन्ही तारांना बाक सारखाच हवा, नाहीतर क्लिप तिरकी ओढते. आणि अंदाज घेऊन एकदाच वाकवायचं, कारण स्टीलची तार पुढेमागे वाकवली की कडक होते आणि त्याच जागी तुटते. कडी ठीक असून क्लिपच डुगडुगत असेल तर रिव्हेट सैल झालेली असते, ते घरी पक्कडीने जमत नाही.

शेवटी कोमट पाण्याची टेस्ट परत केली, टिश्यू कोरडा. पट्टी मात्र दोन क्लिपांच्या मधोमध अजूनही बाकीपेक्षा जरा हलकी निघते, कारण दोनच क्लिपा असल्या की तिथे दाब सगळ्यात कमी आणि झाकणाचा पत्रा किंचित उचलला जातो. यावर उपाय चार क्लिपांचं झाकण, बाकी काही नाही. म्हणून एकदम पातळ काही असलं तर डबा पिशवीत उभाच ठेवायचा, आणि वाफ जाऊ दिल्याशिवाय झाकण लावायचं नाही, कारण गरम असताना लावलेलं झाकण गार झाल्यावर आत ओढलं जातं आणि मग उघडताना क्लिपांची ओढाताण होते.

रिंग आता रोज नाही पण आठवड्यातून एकदा काढून धुवायची आणि खाच पूर्ण वाळल्यावरच बसवायची असं ठरलंय, बघू घरचे किती ऐकतात.